एका मिनिटात किती चित्रे? रेट लिमिट आणि टाइमआउटचा हिशेब

चित्र पाहून त्यातला मजकूर वाचणारी, वस्तू ओळखणारी व्हिजन मॉडेल्स आज बहुतेक वेळा दूरच्या सर्व्हरवर चालतात. अ‍ॅप्लिकेशन इंटरनेटवरून चित्र पाठवते, सोबत सूचना देते आणि उत्तराची वाट पाहते. एखाददुसरे चित्र पाठवले तर काही सेकंदांत उत्तर येते आणि सगळे सुरळीत वाटते. तेच अ‍ॅप्लिकेशन हजारो चित्रे एका दमात पाठवू लागले की दोन वेगवेगळ्या तक्रारी पडद्यावर उमटतात. पहिली `429 Too Many Requests`, म्हणजे सेवेने विनंती दारातूनच परत पाठवली. दुसरी टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही म्हणून वाट पाहणे थांबले. या दोन्हींना सरसकट ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडला तर दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. समजा, एका ग्रंथालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्यांची ६००० पाने मोबाइलने टिपली आहेत. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत असे हाताने लिहिलेले रकाने मॉडेलकडून वाचून घ्यायचे आहेत. प्रत्येक फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा, सुमारे ४ एमबीचा. ग्रंथालयातल्या इंटरनेट जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट. सेवेने या खात्याला मिनिटाला ५०० विनंत्या आणि मिनिटाला २ लाख टोकन अशी मर्यादा दिली आहे. मर्यादांचे आकडे सेवेप्रमाणे आणि खात्याच्या श्रेणीप्रमाणे बदलतात, पण मर्यादा दुहेरी असणे हे सर्रास आढळते.

टोकन म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर मोजते तो तुकडा. चित्राचीही टोकनांतच मोजणी होते आणि घोटाळ्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच असते, कारण प्रोग्राम लिहिणारा चित्रे मोजत असतो आणि सेवा टोकन मोजत असते.

पहिल्या प्रयत्नात प्रोग्राम लिहिणाऱ्याने एका वेळी २०० पाने पाठवायचे ठरवले. मर्यादा मिनिटाला ५०० विनंत्यांची आहे, म्हणजे २०० तर सहज चालतील, असा त्याचा अंदाज. उत्तराची वाट पाहण्याची मुदत त्याने ६० सेकंद ठेवली. मिनिटभर काहीच झाले नाही आणि मग एकदम २०० टाइमआउट आले. एकही पान वाचले गेले नाही.

कारण सेवेकडे नव्हते, ग्रंथालयाच्या जोडणीत होते. चित्र विनंतीच्या मजकुरात घालून पाठवायचे तर ते बेस६४ या पद्धतीने अक्षरांत रूपांतरित करावे लागते. या रूपांतरात तीन बाइटचे चार होतात, म्हणजे ४ एमबीचा फोटो ५.३ एमबीचा होतो. बिटच्या हिशेबात एक पान सुमारे ४३ मेगाबिट. अशी २०० पाने ४० मेगाबिटच्या वाटेने जायला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दोनशेही विनंत्या एकदम सुटल्यामुळे वाट सगळ्यांत सारखी वाटली गेली. साठ सेकंद संपले तेव्हा प्रत्येक पानाचा जेमतेम पाव भाग पलीकडे पोचला होता. पूर्ण एकही पोचले नव्हते, म्हणून सगळ्यांची मुदत एकाच क्षणी संपली आणि मिनिटभर पाठवलेला सगळा डेटा वाया गेला. हीच पाने एकामागून एक पाठवली असती, तर तेवढ्याच वेळात छप्पन पाने पलीकडे पोचली असती.

हा प्रकार ओळखण्याची खूण सोपी आहे. सेवेच्या खात्यावर वापराचा जो तक्ता दिसतो त्यात त्या मिनिटाला काहीच नोंद नसते, कारण विनंती पूर्ण पोचल्याशिवाय मॉडेलचे काम सुरू होत नाही. इकडे टाइमआउटचा पाऊस आणि तिकडे वापर शून्य असे दिसले, तर दोष अपलोडमध्ये शोधावा.

त्यावरचा उपायही चित्रातच आहे. मॉडेल मोठे चित्र जसेच्या तसे पाहत नाही, आधी लहान करून घेते. ओपनएआयने जीपीटी-४ओ या मॉडेलसाठी दिलेला नियम उदाहरणादाखल पाहता येईल. सविस्तर वाचन मागितले तर चित्र आधी २०४८ पिक्सेलच्या चौकोनात बसवले जाते, मग त्याची लहान बाजू ७६८ पिक्सेलवर आणली जाते, आणि मग ५१२ पिक्सेलच्या चौरस तुकड्यांत त्याची विभागणी होते. प्रत्येक तुकड्याचे १७० टोकन आणि वर चित्रामागे ८५. दाखल नोंदवहीचे ३००० × ४००० चे पान या नियमाने ७६८ × १०२४ चे होते, त्याचे चार तुकडे पडतात आणि टोकन भरतात ७६५. इतर सेवांचे सूत्र वेगळे असते, नव्या मॉडेलांत तेही बदलते, पण चित्र आधी आकुंचित होते ही गोष्ट बहुतेक ठिकाणी खरी आहे. म्हणजे ४ एमबीचा फोटो पाठवण्यासाठी केलेला सगळा खटाटोप मॉडेलपर्यंत पोचतच नाही. पाठवण्याआधीच फोटो १५३६ × २०४८ चा करून घेतला तर तो साधारण ५०० केबीत बसतो, मॉडेलला दिसणारे चित्र जवळपास तेच राहते आणि अपलोडचा वेळ आठव्या हिश्श्यावर येतो.

इथे एक सावधगिरी हवी. नोंदवहीचे अख्खे पान ७६८ पिक्सेल रुंदीत बसवले की बारीक, फिकट शाईचे अक्षर वाचण्याजोगे उरत नाही. मॉडेल अशा वेळी ‘वाचता येत नाही’ असे सांगेलच असे नाही. ते अंदाजाने काहीतरी नाव लिहून मोकळे होते, आणि ही चूक कोणत्याही टाइमआउटपेक्षा महाग पडते, कारण ती पडद्यावर तक्रार म्हणून दिसतच नाही. म्हणून काही पाने आधी डोळ्यांनी पडताळून पाहावी लागतात. अक्षर बारीक असेल तर पानाचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे करून पाठवता येतात. वरच्याच नियमाने अर्ध्या पानाची रुंदी ११५२ पिक्सेल राहते, म्हणजे अक्षर दीडपट मोठे दिसते. मात्र अर्ध्या पानाचे ११०५ टोकन होतात, दोन्ही मिळून २२१०. स्पष्टतेची किंमत जवळजवळ तिप्पट टोकनांत मोजावी लागते. पुढच्या हिशेबासाठी या नोंदवह्यांचे अक्षर ठसठशीत आहे आणि अख्खे पान चालते असे धरू.

पाने लहान करून दुसऱ्यांदा २०० विनंत्या एकदम सोडल्या. आता सगळी पाने अर्ध्या मिनिटाच्या आत पलीकडे पोचली आणि लगेच निम्मी परत आली, `429` चा शिक्का घेऊन. हा क्रमांक ‘फार विनंत्या झाल्या’ या अर्थाने २०१२ च्या एप्रिलमध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजाने वेबच्या नियमांत आणला. मिनिटाला ५०० विनंत्या चालत असताना २०० मध्येच अडवणूक का, याचे उत्तर टोकनांत आहे. एका पानाचे चित्र ७६५ टोकन, सूचनेचे सुमारे १३५, आणि वाचून काढलेल्या नोंदींचे उत्तर सुमारे ११००. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन लागतात, म्हणून उत्तराचा आकडा मोठा आहे. सेवा प्रश्न आणि उत्तर एकाच खात्यात मोजते असे धरले तर पानामागे २००० टोकन, आणि २ लाखांच्या मर्यादेत मिनिटाला बसतात १०० पाने. ५०० विनंत्यांची मर्यादा या कामात कधी आड येणारच नव्हती.

बहुतेक सेवा ही मर्यादा टोकन बकेट नावाच्या पद्धतीने पाळतात. प्रत्येक खात्याची एक बादली आहे आणि तिच्यात ठरावीक धारेने सतत पाणी पडते आहे, असे समजावे. विनंती आली की तिच्या मापाचे पाणी काढले जाते. पाणी पुरेसे नसेल तर विनंती परत जाते. बादली भरली की वरचे पाणी सांडून जाते, त्यामुळे तासभर काहीच पाठवले नाही म्हणून तासाभराचा साठा जमा होत नाही. आपल्या उदाहरणात धार सेकंदाला ३३३३ टोकनांची आहे, म्हणजे सहा दशांश सेकंदाला एक पान. भरलेली बादली पहिल्या १०० पानांनी रिकामी केली आणि उरलेल्या १०० पानांना धारेखाली उभे राहावे लागले. काही सेवा बादली मिनिटाच्या मापाची ठेवत नाहीत, सेकंदाच्या मापाची ठेवतात. तिथे मिनिटाला ६० विनंत्या याचा अर्थ सेकंदाला एक असा होतो, आणि पहिल्याच सेकंदात दहा पाठवल्या तर बहुतेक परत येतात. कागदावर मर्यादेच्या आत असूनही `429` का आला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इतकेच असते.

परत आलेल्या १०० विनंत्यांचे काय करायचे, यावर पुढचा सगळा खेळ अवलंबून आहे. सुचणारा पहिला उपाय म्हणजे सेकंदभर थांबून पुन्हा पाठवणे. त्या सेकंदात बादलीत एका पानापुरते, फार तर दोन पानांपुरते पाणी आलेले असते. म्हणजे ९८ पुन्हा परत. ती पुढच्या सेकंदाला पुन्हा दारात. शिवाय अनेक सेवा नाकारलेली विनंतीही विनंत्यांच्या मर्यादेत धरतात, ओपनएआयने तसे आपल्या मार्गदर्शनात सांगितलेलेच आहे. सुरुवातीच्या २०० आणि मग दर सेकंदाला शंभरेक, या गतीने चार-पाच सेकंदांत ५०० विनंत्यांची दुसरी मर्यादाही संपते. जी मर्यादा कधी आड येणार नव्हती ती केवळ दार ठोठावण्याच्या घाईने ओढवून घेतलेली असते.

थांबण्याची शहाणी पद्धत जुनी आहे. एकाच तारेवर अनेक संगणक बोलू लागले की संदेश एकमेकांवर आदळतात, हा प्रश्न इथरनेटच्या जन्मकाळी होता. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ मध्ये इथरनेटवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात टक्कर झाल्यावर प्रत्येकाने यादृच्छिक काळ थांबावे आणि पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करावी, अशी सोय होती. तीच युक्ती आज वेबसेवांसाठी वापरतात. एक, दोन, चार, आठ सेकंद अशी मर्यादा वाढत जाते आणि प्रत्यक्ष थांबणे त्या मर्यादेच्या आत चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते:

```python
limit = min(60, 2 ** attempt)
time.sleep(random.uniform(0, limit))
```

दुसऱ्या ओळीतली यादृच्छिकता ही शोभेची नाही. ती नसेल तर एकदम नाकारलेल्या शंभर विनंत्या दोन सेकंदांनी एकदम येतील, मग चार सेकंदांनी पुन्हा एकदम. मधला सगळा वेळ धार वाहत राहील आणि घेणारे कोणी नसेल. नकारासोबत सेवेने `Retry-After` हे शीर्षक पाठवले असेल तर मात्र अंदाज बांधू नये. त्यात किती सेकंदांनी यावे हे सांगितलेले असते, ते पाळावे आणि वर थोडी यादृच्छिक भर घालावी.

पुन्हा पाठवण्यातला एक छुपा गुणाकार इथे नोंदवण्याजोगा आहे. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक यांची पायथन लायब्ररी नकार किंवा टाइमआउट आला तर मुळातच आणखी दोन वेळा प्रयत्न करते. त्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःचे पाच प्रयत्न चढवले तर एका पानासाठी पंधरा विनंत्या जाऊ शकतात आणि नोंदीत दिसतात फक्त पाच. प्रयत्न एकाच थराने करावेत. लायब्ररीत `max_retries=0` ठेवून आपले प्रयत्न मोजावेत, नाहीतर आपले काढून टाकून लायब्ररीवर विसंबावे.

खरा उपाय मात्र नकार आल्यावर काय करायचे हा नाही, नकार येऊच नये इतक्याच वेगाने पाठवणे हा आहे. मिनिटाला १०० पाने म्हणजे सेकंदाला १.६७. एका पानाचे उत्तर यायला सरासरी १८ सेकंद लागतात असे मोजून दिसले, तर एका वेळी किती पाने वाटेत असावीत हे गुणाकाराने कळते: १.६७ गुणिले १८, म्हणजे ३०. वेग आणि वेळ यांच्या गुणाकाराचा हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांच्या गणितात सिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोनशे विनंत्या एकदम सोडण्याची गरजच नव्हती. तीस पुरतात, त्याहून अधिक केवळ दाराशी गर्दी करतात. सेवेचा वापर इतरही कोणी त्याच खात्यातून करत असेल तर तीसऐवजी पंचवीस धरावेत. मर्यादा खात्याची असते, प्रोग्रामची नव्हे, आणि शेजारच्या टेबलावरचा चाचणी घेणारा सहकारी तीच बादली उपसत असतो.

या गतीने ६००० पानांना एक तास लागतो. या तासावर अनपेक्षित परिणाम करणारी एक गोष्ट म्हणजे उत्तराची कमाल लांबी. काही सेवा विनंती आत घेतानाच उत्तरासाठी मागितलेली कमाल टोकनसंख्या हिशेबात धरतात. `max_tokens` मध्ये सवयीने ४००० लिहिले आणि उत्तरे प्रत्यक्षात ११०० चीच आली, तरी अशा सेवेत दारावर पानामागे ४९०० टोकन धरले जातात. मग मिनिटाला जेमतेम ४० पाने जातात आणि तासाचे काम अडीच तासांवर जाते. आकडा फार आखडता घेतला तर उत्तर अर्ध्यावर तुटते, म्हणून सगळ्यात भरगच्च पानाचे उत्तर मोजून त्यावर थोडी मोकळीक ठेवणे बरे. एका विनंतीत चार-पाच पाने घालण्याची युक्तीही इथे उपयोगी नाही. तिने विनंत्यांची संख्या कमी होते, टोकन तेवढेच राहतात, आणि उत्तर लांबल्याने टाइमआउटचा धोका वाढतो.

आता टाइमआउट. त्याची मुदत एकाच ठिकाणी ठरत नाही. जोडणी होण्याची मुदत वेगळी, उत्तराची वाट पाहण्याची वेगळी, आणि मधल्या प्रॉक्सीची आणखी वेगळी. एनजिनएक्स हा वेबसर्व्हर प्रॉक्सी म्हणून मध्ये असेल आणि कोणी काही बदलले नसेल, तर तो मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आले नाही की `504` पाठवून देतो. आपल्या प्रोग्रामात पाच मिनिटांची मुदत लिहिलेली असली तरी. उलट टोकाला पायथनची `requests` ही लायब्ररी मुदत सांगितली नाही तर अनंत काळ वाट पाहते, आणि ओपनएआयच्या लायब्ररीची मूळ मुदत दहा मिनिटांची आहे. तीस पानांपैकी पाच अशी लटकली तर वेग सहाव्या हिश्श्याने घटतो आणि तक्रार कुठेच उमटत नाही. शंभरेक पाने पाठवून, उत्तराला लागलेल्या वेळा चढत्या क्रमाने मांडून, सर्वात संथ पानांच्या थोडी वर मुदत ठेवणे हा व्यवहारी मार्ग आहे. सरासरी १८ सेकंद आणि सर्वात संथ पाने ४० सेकंदांची असतील तर ६० योग्य, २० मुळीच नको. घड्याळ कधी सुरू होते हेही पाहावे लागते. पान आपल्याच प्रोग्रामच्या रांगेत शिरल्यापासून मोजणी सुरू झाली, तर सेवेकडे जाण्याआधीच त्याची मुदत संपते.

`429` आणि टाइमआउट यांतला मोठा फरक पैशाचा आहे. `429` मध्ये काम झालेलेच नसते, हे निश्चित असते. टाइमआउटमध्ये काहीच निश्चित नसते. इकडे वाट पाहणे थांबले तरी तिकडे मॉडेल पान वाचून संपवू शकते, त्याचे टोकन आकारले जाऊ शकतात, आणि पुन्हा पाठवले की तेच पान दुसऱ्यांदा वाचले जाते. म्हणून प्रत्येक पानाला एक कायमची ओळख द्यावी, उत्तर आले की ते त्या ओळखीखाली लगेच साठवावे, आणि पाठवण्याआधी उत्तर आधीच साठवलेले नाही ना ते पाहावे. दुहेरी आकारणी याने टळत नाही, पण दाखल नोंदवहीतले एक पुस्तक यादीत दोनदा उमटत नाही, आणि प्रोग्राम मध्येच बंद पडला तर तिथूनच पुढे सुरू करता येतो. `400` किंवा `413` आले तर पुन्हा पाठवणे व्यर्थ आहे. फाइल बिघडलेली आहे किंवा फार मोठी आहे, आणि दहाव्या वेळी पाठवली तरी तशीच राहणार. अशी पाने बाजूला काढून माणसाने पाहावीत.

घाई नसेल तर ही सारी कसरत टाळण्याचीही सोय आहे. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघेही बॅच पद्धतीने विनंत्यांचा गठ्ठा स्वीकारतात, २४ तासांच्या मुदतीत काम पूर्ण करण्याचे धोरण ठेवतात आणि नेहमीच्या निम्मा दर लावतात. या कामाच्या मर्यादाही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे वाचकांसमोर चालू असलेल्या अ‍ॅप्लिकेशनची बादली रिकामी होत नाही. गठ्ठ्याच्या आकाराला मर्यादा असते, म्हणून ६००० पाने एकाच गठ्ठ्यात न घालता काही गठ्ठ्यांत वाटावी लागतात. चोवीस तासांत न झालेल्या विनंत्या मुदतबाह्य ठरून परत येतात आणि तेवढ्याच पुन्हा पाठवाव्या लागतात. उत्तरे पाठवलेल्या क्रमाने येतील याची हमी नसते, म्हणून प्रत्येक विनंतीला `custom_id` द्यावा लागतो. त्यात नोंदवहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक घातला, उदाहरणार्थ `reg07-p112`, तर कोणते उत्तर कोणत्या पानाचे हे शोधत बसावे लागत नाही.